मॉडेल आन्सरमधून मुद्द्यांची यादी कशी काढावी : डिप्लोमाच्या चार आणि सहा गुणांच्या उत्तरांसाठी

स्थापत्य पदविकेच्या तिसऱ्या सत्रात काँक्रीट टेक्नॉलॉजीचा पेपर माझ्याकडून राहिला, तेव्हा मी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. स्लम्प कोन चाचणीच्या सहा गुणांच्या प्रश्नावर मी सव्वा पान लिहिले होते आणि मला दोन गुण मिळाले होते. आधी वाटले की तपासणीत काहीतरी चुकले असावे. मग महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे त्या पेपरचे मॉडेल आन्सर शेजारी ठेवून ओळ न् ओळ पाहिली, तेव्हा कारण स्वच्छ दिसले. माझ्या सव्वा पानापैकी अर्धे पान कार्यक्षमता म्हणजे काय आणि ती का महत्त्वाची यावर होते, आणि ते कोणी विचारलेच नव्हते. आकृतीत साच्याची मापे नव्हती, थर किती आणि ठोके किती हे नव्हते, साचा कसा उचलायचा हे नव्हते. चाचणी मला येत होती, प्रयोगशाळेत मी ती स्वतः केली होती, पण ज्या गोष्टींना गुण होते त्या कागदावर उतरल्या नव्हत्या.

पुढच्या परीक्षेसाठी मी प्रत्येक मोठ्या प्रश्नाची मुद्द्यांची यादी केली आणि त्यानंतरच्या सगळ्या सत्रांत तीच पद्धत ठेवली. ती पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे. उदाहरण सगळीकडे काँक्रीट टेक्नॉलॉजीचे, त्यातही मुख्यतः त्याच स्लम्प चाचणीचे घेतले आहे, कारण एकच प्रश्न शेवटपर्यंत नेला तर पद्धत नीट दिसते.

लागणारे साहित्य

- विषयाची मागच्या किमान चार परीक्षांची मॉडेल आन्सर, म्हणजे दोन समर आणि दोन विंटर. ती मंडळाच्या संकेतस्थळावर पेपर कोडनुसार मिळतात. कोड नीट पाहून घ्यावा. आय स्कीमचा कोड पाच अंकी आहे आणि के स्कीमचा सहा अंकी. विषयाचे नाव तेच असले तरी स्कीम बदलली की अभ्यासक्रमातील घटक बदललेले असू शकतात.
- विषयाचा अभ्यासक्रम, त्यातील प्रत्येक घटकाला किती गुण आहेत हे सांगणाऱ्या तक्त्यासह.
- तुमचे पाठ्यपुस्तक किंवा शिक्षकांनी दिलेल्या नोट्स.
- एक आडवी वही, दोन रंगांची पेने आणि घड्याळ.
- पूर्वी पेपर दिलेला असेल आणि छायाप्रत मिळाली असेल, तर ती.

## १. परीक्षकासाठी असलेले पहिले पान आधी वाचा

बहुतेक विद्यार्थी मॉडेल आन्सर उघडतात आणि थेट पहिल्या प्रश्नावर जातात. सुरुवातीला परीक्षकांसाठी ज्या सूचना असतात त्या वाचायच्या राहून जातात, आणि यादी कशी करायची हे नेमके तिथेच लिहिलेले असते. त्यातील पहिलीच सूचना सांगते की उत्तर नेमक्या शब्दांवरून, म्हणजे कीवर्डवरून तपासावे, मॉडेल आन्सरशी शब्दाला शब्द जुळवून नव्हे. पुढे म्हटले आहे की विद्यार्थ्याचे उत्तर वेगळे असू शकते, त्याला विषय कितपत समजला आहे हे परीक्षकाने पाहावे. भाषेच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये, अर्थात इंग्रजी आणि कम्युनिकेशन स्किल्स यांसारखे विषय सोडून. आकृतीत मुख्य भाग दाखवले असतील तर गुण द्यावेत, आणि गणितात पायरीनुसार गुण द्यावेत.

या सूचनांमधून यादीसाठी तीन गोष्टी निघतात. मॉडेल आन्सर पाठ करण्याची गरज नाही, कारण वाक्ये जुळवायची नसतात. आकृतीचीही यादी करावी लागते, कारण तिथे भागांना गुण आहेत. आणि नुसता शब्द कुठेतरी पेरून ठेवला तर तो चालणार नाही, कारण समज पाहायची आहे. ही तिसरी गोष्ट चौथ्या पायरीत सविस्तर येईल.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासून पदविकेच्या पहिल्या वर्षाला मराठी आणि द्विभाषिक माध्यम सुरू झाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिश्र उत्तर लिहिले, तर संकल्पना मॉडेल आन्सरशी जुळतात का हे पाहून परीक्षकाने ते तपासावे, असे त्या सूचनेत आहे. अशा उत्तरात वाक्य मराठीत ठेवावे, मात्र तांत्रिक संज्ञा मॉडेल आन्सरमध्ये जशी आहे तशीच ठेवावी. जुळवताना परीक्षकाची नजर त्या संज्ञेवरच आधी जाते.

## २. प्रश्न परीक्षेनुसार न ठेवता विषयानुसार एकत्र आणा

एका परीक्षेचे मॉडेल आन्सर संपवून दुसरे उघडायचे, असे केले तर यादी तयार होत नाही, नुसते वाचन होते. त्याऐवजी वहीत प्रत्येक चाचणीला, संकल्पनेला किंवा फरकाला एक पान द्या आणि चारही परीक्षांमधले त्याविषयीचे प्रश्न त्या पानावर उतरवा. प्रश्नाची शब्दरचना, परीक्षा आणि गुण, एवढेच लिहायचे.

सत्तर गुणांच्या पेपरची रचना ठरलेली असल्यामुळे गुणांचे आकडे तीनच येतात. पहिल्या प्रश्नात दोन-दोन गुणांचे सातपैकी पाच उपप्रश्न असतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात चार गुणांचे, चारपैकी तीन. पाचव्या आणि सहाव्या प्रश्नात सहा गुणांचे, तीनपैकी दोन. यादी चार आणि सहा गुणांच्या प्रश्नांसाठीच करायची आहे, कारण दोन गुणांच्या उत्तरात यादी करण्याइतके काही नसते.

पाने किती करायची हे अभ्यासक्रमातील तक्त्यावरून ठरवा. ज्या घटकाला जास्त गुण आहेत त्याची पाने आधी करा. त्या तक्त्यात आर, यू आणि ए अशा तीन पातळ्यांचे गुणही वेगळे दिलेले असतात, म्हणजे आठवून लिहायचे किती, समजावून लिहायचे किती आणि वापरून दाखवायचे किती. एखाद्या घटकाचे बहुतेक गुण यू पातळीवर असतील, तर तिथे नावांची यादी पुरणार नाही, प्रत्येक नावापुढे कारण लागेल, हे यादी करण्याआधीच कळते.

## ३. उजवीकडचा गुणांचा रकाना वाचायला शिका

मॉडेल आन्सरच्या पानावर उजव्या कडेला गुणांचा रकाना असतो. उत्तर पाऊणपान असले, तरी गुण कशाला आहेत हे तिथे दोन ओळींत सांगितलेले असते. त्यात साधारणपणे तीन प्रकारच्या नोंदी दिसतात.

पहिल्या प्रकारात 'कोणतेही चार, प्रत्येकी १ गुण' असे असते. उत्तरात सात-आठ मुद्दे दिलेले दिसतात, पण मोजले चारच जाणार असतात. इथे पहिला सापळा आहे. विद्यार्थी आठही मुद्दे पाठ करतात, परीक्षेत आठ लिहायला जातात आणि वेळ कमी पडला म्हणून प्रत्येकी तीन-चार शब्दांत उरकतात. कार्यक्षमतेवर परिणाम करणारे घटक हा प्रश्न घ्या. पाण्याचे प्रमाण, खडीचे आकारमान, खडीचा आकार, पृष्ठभागाचा पोत, ग्रेडिंग, मिश्रणाचे प्रमाण, अ‍ॅडमिक्श्चर, तापमान आणि वेळ, असे बरेच घटक सांगता येतात. प्रश्नात 'स्पष्ट करा' असेल, तर 'खडीचा आकार' एवढेच लिहून गुण पूर्ण होत नाही. 'गोलसर खडीचे पृष्ठफळ आणि आपसातील घर्षण कमी असते, म्हणून तेवढ्याच पाण्यात कार्यक्षमता जास्त मिळते' हे लिहिल्यावर तो पूर्ण होतो. यादीत म्हणून पाच घटक घ्यावेत, चार लिहिण्यासाठी आणि एक आयत्या वेळी आठवला नाही तर राखीव, आणि पाचांपुढेही कारण लिहावे.

दुसऱ्या प्रकारात 'आकृती २ गुण, स्पष्टीकरण २ गुण' अशी विभागणी असते. अशा वेळी पानावर उभी रेघ मारून यादीचे दोन भाग करा. आकृतीचे गुण स्पष्टीकरणाने भरून निघत नाहीत, हे डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. आकृती स्पष्टपणे विचारलेली नसतानाही तिला गुण ठेवलेले कधी कधी आढळतात. प्रश्नपत्रिकेच्या सुरुवातीला 'आवश्यक तेथे सुबक आकृत्या काढाव्यात' अशी सर्वसाधारण सूचना असते, ती अशा प्रश्नांनाही लागू असते. चाचणी, उपकरण किंवा बांधकामाचा भाग यांवरील उत्तराच्या यादीत आकृती नेहमी धरावी.

तिसरा प्रकार अडचणीचा असतो. रकान्यात नुसते '४ गुण' किंवा '६ गुण' लिहिलेले असते, विभागणी नसते. अशा वेळी तोच प्रश्न दुसऱ्या परीक्षेत विभागणीसह आला आहे का पाहा. विषयानुसार पाने करण्याचा उपयोग इथे होतो. तसाही आला नसेल, तर उत्तरातील स्वतंत्र विधाने मोजून स्वतः विभागणी करा आणि तिच्याभोवती पेन्सिलने चौकट करा, म्हणजे ही विभागणी आपण केलेली आहे, मंडळाची नाही, हे पुढेही लक्षात राहील.

## ४. उत्तरातून मुद्दे उचला

आता प्रत्यक्ष काम. वहीच्या पानावर चार रकाने करा : मुद्दा, त्यातला न चुकवण्याचा शब्द किंवा आकडा, त्याचे कारण, आणि गुण. प्रश्न घेऊ, 'स्लम्प कोन चाचणीची कृती सुबक आकृतीसह स्पष्ट करा, ६ गुण'. समजा विभागणी आकृतीला २ आणि कृतीला ४ अशी आहे.

मॉडेल आन्सरमध्ये किंवा पुस्तकात कृतीची दहा-बारा वाक्ये असतील. त्यातले कोणते शब्द यादीत घ्यायचे, यासाठी एकच प्रश्न विचारायचा : हा शब्द काढला तर चाचणी चुकेल का? चुकत असेल तर तो शब्द घ्यायचा, नाहीतर सोडायचा. आकाराने मोठा किंवा ऐकायला जड शब्द म्हणजे कीवर्ड, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. स्लम्प चाचणीत 'सरळ वर' हे दोन साधे शब्द 'कार्यक्षमता' या शब्दापेक्षा जास्त मोलाचे आहेत. साचा तिरका किंवा पिळवटून उचलला, तर काँक्रीट एका बाजूला घसरते आणि मिळालेला आकडा निरुपयोगी होतो. 'साचा उचलावा' एवढेच लिहिणाऱ्याला ही गोष्ट माहीत आहे की नाही, हे परीक्षकाला कळत नाही.

ही कसोटी लावून कृतीची यादी अशी होते :

- साचा आतून स्वच्छ आणि ओलसर, सपाट व पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावर, भरताना घट्ट धरलेला. कारण : कोरडा साचा किंवा शोषणारा पृष्ठभाग मिश्रणातले पाणी ओढतो आणि साचा हलला तर तळातून काँक्रीट निसटते.
- सारख्या उंचीच्या थरांत भरणे, प्रत्येक थराला टॅम्पिंग रॉडच्या गोल टोकाने २५ ठोके, ठोका खालच्या थरात थोडा शिरेल असा. कारण : हवा निघून जावी आणि थर एकजीव व्हावेत.
- वरचा पृष्ठभाग थापीने किंवा रॉडने साच्याच्या काठाबरोबर सपाट करणे. कारण : उंचीचा फरक तिथूनच मोजायचा असतो.
- साचा लगेच, सावकाश, सरळ वर उचलणे. कारण वर आलेच आहे.
- साच्याची उंची आणि खचलेल्या काँक्रीटचा सर्वांत उंच बिंदू यांतला फरक मिलिमीटरमध्ये मोजणे. हाच स्लम्प.
- खचण्याचा प्रकार नोंदवणे : ट्रू, शिअर किंवा कोलॅप्स. शिअर आला तर चाचणी पुन्हा करणे.

सहा मुद्दे आणि चार गुण, म्हणजे काही मुद्दे जोडीने मोजले जाणार. थर आणि ठोके यांना एक गुण, उचलणे आणि मोजणे यांना एक, अशी विभागणी मी माझ्या पानावर धरली होती. साचा तयार करणे आणि पृष्ठभाग सपाट करणे मिळून एक, आणि शेवटचा प्रकारांचा एक. परीक्षक नेमके असेच जोडेल असे नाही, पण सहाही मुद्दे उत्तरात असतील तर तो कसेही जोडो, गुण सुटत नाही.

आकृतीची यादी याहून लहान असते आणि तिचे गुण सर्वांत सहज मिळतात, तरी ती करायची राहते. स्लम्पच्या आकृतीत दोन चित्रे लागतात. पहिल्यात साचा, वरचा व्यास १०० मिमी, तळाचा व्यास २०० मिमी, उंची ३०० मिमी, आणि शेजारी १६ मिमी व्यासाचा, ६०० मिमी लांबीचा रॉड. दुसऱ्यात खचलेले काँक्रीट आणि त्याच्या शेजारी रिकामा साचा, वर आडवा ठेवलेला रॉड आणि त्या रॉडपासून काँक्रीटच्या उंच बिंदूपर्यंत बाण, त्यावर 'स्लम्प' हा शब्द. तो बाण नसेल, तर आकृतीत कोन दिसतो, चाचणी दिसत नाही. आकृतीच्या यादीत भागांची नावे, मापे आणि काय मोजायचे ते, अशा तीन गोष्टी नेहमी तपासून पाहाव्यात.

तिसरा रकाना, म्हणजे कारणाचा, पुष्कळ जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. तो गाळू नका. नुसते शब्द पाठ केले तर ते क्रम सोडून आठवतात, आणि एक विसरला की पुढचे सगळे अडते. कारण माहीत असले की शब्द विसरला तरी मुद्दा तुमच्या भाषेत लिहिता येतो, आणि परीक्षकाला दिलेल्या सूचनेप्रमाणे त्याचे गुण मिळायला हरकत नसते.

## ५. प्रश्नातील क्रियापद आणि गुण बदलले की यादी बदला

एका विषयाची यादी एकच असते, पण प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. 'सांगा' किंवा 'यादी करा' असेल तर पहिला आणि दुसरा रकाना पुरतो. 'वर्णन करा' असेल तर क्रम आणि आकडे लागतात. 'स्पष्ट करा' असेल तर तिसरा रकाना, म्हणजे कारण, उत्तरात यायला हवे. पानाच्या कडेला हे एका ओळीत लिहून ठेवा. स्लम्पचाच प्रश्न चार गुणांना आला, तर मुद्दे कमी करू नका, कारणे कमी करा. सहाही मुद्दे एकेका वाक्यात आणि मापे असलेली एकच आकृती, एवढ्यात चार गुणांचे उत्तर होते.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाची यादी वेगळ्या रीतीने करावी लागते. बहुतेक उत्तरांत डावीकडे स्लम्प चाचणीविषयी चार वाक्ये असतात आणि उजवीकडे कॉम्पॅक्शन फॅक्टर चाचणीविषयी चार, पण ती एकमेकांसमोर बसत नाहीत. डावीकडे 'परिणाम मिमीमध्ये मिळतो' आणि त्याच्यासमोर 'उपकरणात दोन हॉपर असतात' असे लिहिले, तर फरक एकही झाला नाही. म्हणून यादीत मधला रकाना निकषाचा करा आणि आधी फक्त निकष पाठ करा : उपकरण, परिणामाचे स्वरूप, कोणत्या काँक्रीटला योग्य, कुठे केली जाते. मग दोन्ही बाजू आपोआप येतात. एकीकडे कोन, दुसरीकडे दोन हॉपर आणि खाली सिलिंडर. एकीकडे मिमीमधील उंचीचा फरक, दुसरीकडे अंशतः दाबलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या काँक्रीटच्या वजनांचे गुणोत्तर. एकीकडे मध्यम ते जास्त कार्यक्षमता, दुसरीकडे कमी कार्यक्षमतेचे काँक्रीट, जिथे स्लम्प जवळजवळ दिसतच नाही. एकीकडे मुख्यतः साइट, दुसरीकडे मुख्यतः प्रयोगशाळा. निकष चार, गुण चार.

## ६. यादी पुस्तकाशी आणि कोडशी ताडून पाहा

मॉडेल आन्सर हे परीक्षकाच्या सोयीसाठी केलेले असते, ते पाठ्यपुस्तक नाही. त्यात टंकनाच्या चुका राहू शकतात, एखादे माप चुकीचे पडलेले असू शकते, आणि जुन्या परीक्षेचे उत्तर जुन्या भारतीय मानकावर आधारलेले असू शकते. यादीतल्या प्रत्येक आकड्याखाली दुसऱ्या रंगाने रेघ मारा आणि तेवढेच आकडे पुस्तकात पाहा. एका पानाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

स्लम्प चाचणीतच याचे चांगले उदाहरण आहे. आयएस ११९९ : १९५९ नुसार साचा चार थरांत भरायचा, प्रत्येक थर उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश. त्याच मानकाच्या २०१८ च्या सुधारित आवृत्तीत, भाग २ मध्ये, तीन थर सांगितले आहेत. ठोके दोन्हीकडे प्रत्येक थराला २५. पुस्तके आणि जुनी उत्तरे चाळताना तुम्हाला दोन्ही आकडे दिसतील आणि कोणता खरा असा गोंधळ होईल. तुमच्या शिक्षकांनी आणि प्रयोगवहीने जी आवृत्ती धरली आहे ती घ्या, आणि उत्तरात तिचा उल्लेख करा : 'आयएस ११९९ (भाग २) : २०१८ नुसार तीन समान थरांत'. परीक्षकाच्या हातातील मॉडेल आन्सरमध्ये चार असले, तरी तुमचा आकडा अंदाजाने आलेला नाही हे त्याला त्या अर्ध्या ओळीवरून कळते. वर्ष न लिहिता नुसते 'तीन थर' लिहिणाऱ्याला ते सिद्ध करता येत नाही. ज्या मुद्द्यावर मानक बदललेले आहे, त्याच्यापुढे यादीत वर्ष लिहून ठेवा.

## ७. यादी बंद करून उत्तर लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या

यादी पुन्हा पुन्हा वाचली की सगळे येते असे वाटू लागते. ते खरे आहे का हे फक्त लिहून कळते. तीन तासांत सत्तर गुण, म्हणजे एका गुणाला सुमारे अडीच मिनिटे. त्या हिशेबाने चार गुणांच्या उत्तराला दहा मिनिटे आणि सहा गुणांच्या उत्तराला पंधरा मिनिटे घड्याळात लावा, यादी मिटा आणि आकृतीसह उत्तर लिहा. मग यादी उघडून प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबर, अर्धवट किंवा नाही अशी खूण करा.

'अर्धवट' ही खूण प्रामाणिकपणे करणे सर्वांत कठीण असते, कारण आपण लिहिलेले वाचताना मनातले न लिहिलेलेही आपल्याला दिसत असते. म्हणून तपासणी वर्गातल्या मैत्रिणीला किंवा मित्राला द्या. त्याच्या हातात तुमची यादी आणि तुमचे उत्तर, एवढेच द्या, आणि सांगा की जे कागदावर आहे तेवढ्यालाच गुण दे. मी आणि माझ्या वर्गातली एक मैत्रीण असे आठवड्याला चार प्रश्न बदलून तपासत होतो. पहिल्याच वेळी तिने माझ्या 'ठोके द्यावेत' या शब्दांखाली रेघ मारून 'किती?' असे लिहिले होते. एका पानावर तोच मुद्दा सलग दोनदा 'नाही' आला, तर तो विसरण्याचे कारण शोधा. बहुधा त्या मुद्द्याचे 'का' आपल्याला कळलेले नसते.

एखाद्या पानावरील मुद्दे आठाच्या पुढे गेले असतील, तर पान पुन्हा तपासा. सहा गुणांसाठी आठाहून जास्त मुद्दे पंधरा मिनिटांत कारणांसह लिहून होत नाहीत. अशा वेळी चौथ्या पायरीतली कसोटी पुन्हा लावली की दोन-तीन मुद्दे गळतात.

## ८. परीक्षेत यादी उत्तरात उतरवताना

उत्तराचे पहिले वाक्य विचारलेल्या गोष्टीचेच असावे. प्रस्तावना नको. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, क्रमांकासह लिहा आणि यादीतल्या दुसऱ्या रकान्यातला शब्द किंवा आकडा अधोरेखित करा : '२५ ठोके', 'सरळ वर', 'सर्वांत उंच बिंदू'. परीक्षकासमोर पुष्कळ उत्तरपत्रिका असतात, आणि सलग परिच्छेदात दडलेला मुद्दा त्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता क्रमांकित मुद्द्यापेक्षा जास्त असते. मात्र अधोरेखन मुद्द्याला एकच ठेवा. निम्मे पान अधोरेखित केले तर एकही शब्द वेगळा दिसत नाही.

आकृती आधी काढा, पेन्सिलने, सुमारे पाव पानाची, आणि नावे व मापे तेव्हाच लिहून टाका. 'शेवटी वेळ मिळाला तर नावे लिहीन' असे ठरवले की ती राहतात. आकृती आधी काढल्याचा आणखी एक फायदा होतो. तिच्याकडे पाहत कृती लिहिली की क्रम चुकत नाही.

आणि प्रश्न यादीपेक्षा थोडा वेगळा आला, तर यादी जशीच्या तशी उतरवू नका. 'स्लम्पचे प्रकार आकृतीसह स्पष्ट करा' असे विचारले असेल, तर साचा भरण्याच्या कृतीला तिथे गुण नाहीत, फक्त यादीतला शेवटचा मुद्दा तीन आकृत्यांसह फुलवायचा आहे. ट्रूमध्ये काँक्रीट सगळीकडून सारखे खचते. शिअरमध्ये कोनाचा एक भाग उतरत्या प्रतलावरून घसरतो, आणि हे मिश्रणात एकजीवपणा कमी असल्याचे लक्षण आहे. कोलॅप्समध्ये ते पूर्ण पसरते, म्हणजे मिश्रण फार ओले आहे. प्रश्न हातात आल्यावर आधी त्यातल्या क्रियापदाखाली आणि विषयाखाली मनातल्या मनात रेघ मारा, मग यादीतले कोणते मुद्दे लागतात ते ठरवा.

## ९. निकालानंतर छायाप्रत मिळाली तर

गुण अपेक्षेपेक्षा कमी आले, तर मंडळाकडे संस्थेमार्फत ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा की नाही हे रागाच्या भरात ठरवू नका. त्या परीक्षेचे मॉडेल आन्सर उपलब्ध झाल्यावर आपले उत्तर या लेखातल्या सातव्या पायरीप्रमाणे मैत्रिणीकडून तपासून घ्या. मुद्दा कागदावर स्पष्ट आहे आणि त्याला गुण मिळालेले नाहीत असे दोघींनाही दिसले, तरच अर्ज करण्यात अर्थ आहे. मुद्दा कागदावरच नसेल, तर तो वहीतल्या त्या पानावर लाल पेनाने लिहा आणि त्याच्यापुढे परीक्षेचे नाव टाका. माझ्या स्लम्पच्या पानावर असे तीन लाल शब्द होते : मापे, २५, सरळ वर.